तार, वीण आणि दोरा : नथ, ठुशी आणि बोरमाळ

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळच्या गुजरीत ठुशी बघायला गेलेली बाई पहिला प्रश्न विचारते तो वजनाचा. किती ग्रॅमची? घडणावळ किती? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण ठुशी तळहातावर घेतली की ती एखाद्या साखळीसारखी ढिगारा होऊन पडत नाही आणि बांगडीसारखी ताठही राहत नाही. तळहाताच्या खळग्यात ती वळून बसते. गळ्यात ती कशी बसेल, हे त्या वळण्यावरून कळते आणि ते वळणे सोन्याच्या वजनावर अवलंबून नसते. मणी कशात आणि कसे गुंफले आहेत, यावर ते ठरते.

मराठी बायकांच्या पेटीतले तीन ओळखीचे दागिने, नथ, ठुशी आणि बोरमाळ, याच एका गोष्टीने एकमेकांच्या जवळ येतात. तिन्ही दागिने लहान लहान तुकडे ओवून तयार होतात. नथीत मोती सोन्याच्या तारेवर चढतात, ठुशीत मणी जाळीसारखे विणले जातात आणि बोरमाळेत पोकळ मणी दोऱ्यात ओवले जातात. तार, वीण आणि दोरा या तिन्हींचे वागणे वेगळे असल्यामुळे हे दागिने साडीशीही वेगवेगळे वागतात. बोरमाळ साडीवर टेकते. ठुशी साडीला कधीच शिवत नाही. नथ तर साडीपासून सगळ्यात लांब, चेहऱ्यावर असते आणि तरीही काठाच्या रंगाशी तिचे नाते सगळ्यांत आधी डोळ्यांत भरते.

यांत सर्वांत जास्त गैरसमज बोरमाळेबद्दल असतात, म्हणून सुरुवात तिथून केलेली बरी.

बोरमाळेचा मणी बोराच्या आकाराचा, किंचित लांबट आणि दोन्ही टोकांना भोक असलेला असतो. मराठी मुलखातल्या सोन्याच्या माळा पाहिल्या तर दाण्यांचीच मोठी रांग दिसते. ज्वारीएवढ्या मण्यांची जोंधळी पोत, वाटाण्याएवढ्या मण्यांची मटरमाळ, जवासारख्या टोकदार मण्यांचे जवमणी आणि त्यांच्याहून ठसठशीत अशी बोरमाळ. एवढा मोठा मणी जर भरीव सोन्याचा केला तर माळ गळ्याला पेलवणार नाही आणि खिशालाही परवडणार नाही. म्हणून बोरमाळेचा मणी पोकळ करतात. सोन्याचा पातळ पत्रा घेऊन त्याच्या चकत्या कापतात, त्या ठशात दाबून खोलगट वाट्या करतात आणि दोन वाट्या तोंडाला तोंड लावून झाळतात. सांधा घासून काढला की तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. काही मणी साधे गुळगुळीत असतात, काहींवर बारीक कोरीव रेघा असतात.

पातळ पत्र्याचा पोकळ मणी बोटाने दाबला तरी चेपू शकतो. जुन्या कारागिरांनी यावर काढलेला उपाय म्हणजे लाख. मण्याच्या भोकातून आत लाख भरली की पत्र्याला आतून आधार मिळतो. मणी भरीव वाटतो, हाताला थोडा जड लागतो आणि सोने मात्र थोडेच लागते. घरोघरच्या जुन्या बोरमाळा बहुतेक अशाच लाख भरलेल्या असतात. आजकाल यंत्रावर केलेले, लाख न भरलेले पोकळ मणीही मिळतात. ते आणखी हलके असतात, पण कपाटाच्या दारात सापडले किंवा बाळाने दातांत धरले तर पोचा येतो. हा पोचा आतून बाहेर काढता येत नाही, कारण मण्याचे भोक एवढेसेच असते. तो मणी बदलावाच लागतो.

लाखेचा मणी आणि पोकळ मणी यांतला फरक कानाने कळतो. माळ कानाजवळ धरून हलकेच हलवली तर पोकळ मण्यांचा आवाज किणकिणता, पातळ येतो. लाख भरलेले मणी एकमेकांवर आपटले की बोथट आवाज करतात. एखादा मणी आतून खुळखुळत असेल तर त्यातली लाख सुकून सुटली आहे, असे समजावे. ती पुन्हा भरता येते. पण अशा माळेला कुठल्याही कारणाने आच लावायची असेल तर आधी लाख काढावी लागते, कारण उष्णतेने लाख वितळते आणि करपते. म्हणूनच लाखेची बोरमाळ उकळत्या पाण्यात घालून उजळायचा घरगुती प्रयोग कुणी करू नये. कोमट पाण्यात मऊ कापड पिळून मणी पुसावेत, एवढेच तिला पुरे असते.

लाखेचा दुसरा परिणाम थेट पैशांवर होतो. समजा, काट्यावर बोरमाळ 32 ग्रॅम भरली. त्यात लाख आणि दोरा मिळून 9 ग्रॅम असेल, तर सोने 23 ग्रॅमच आहे. सोन्याचा भाव या 23 ग्रॅमलाच लागायला हवा आणि पावतीवर एकूण वजन व निव्वळ वजन असे दोन वेगळे आकडे हवेत. चांगला सराफ लाख भरण्याआधी रिकाम्या मण्यांचे वजन करून ठेवतो, त्यामुळे त्याला हा आकडा लगेच सांगता येतो. पावतीवर एकच वजन लिहिलेले असेल तर तिथेच विचारावे. पुढे कधी माळ मोडायची वेळ आली की हिशेब निव्वळ सोन्याचाच होतो आणि तेव्हा 9 ग्रॅमचा फरक मोठा वाटतो.

आता दोरा. जुन्या बोरमाळा लाल रेशमात किंवा सुती दोऱ्यात गाठवलेल्या असत. दोन्ही टोकांचे दोरे एकत्र आणून मानेमागे गोंडा केलेला असे. सोने शंभर वर्षे टिकते, दोरा मात्र घाम पितो, काळा पडतो आणि ताणला जातो. त्यातच मण्याच्या पातळ पत्र्याची भोकाजवळची कड धारदार असते. मणी हलतो तसा तो दोऱ्याला आतून घासत राहतो. दोरा थकल्याची खूण सोपी आहे. माळ दोन्ही टोकांना धरून उभी लोंबती सोडली की मणी खाली सरकतात आणि वरच्या टोकाला उघडा दोरा दिसतो. बोटाच्या पेरापेक्षा जास्त दोरा दिसत असेल तर माळ गाठवायला द्यायची वेळ झाली. पूर्वी हे काम पटवेकरी करत. आता सराफाकट्ट्यावरच्या एखाद्या लहान टपरीत किंवा सराफाच्याच दुकानात होते. काही जणी दोऱ्याचा त्रास नको म्हणून माळ सोन्याच्या तारेत घेतात. तारेची माळ तुटण्याची भीती कमी, हे खरे. पण तारेतले मणी दोऱ्यातल्या मण्यांइतके मोकळे वळत नाहीत, त्यामुळे माळ छातीवर सपाट न पडता थोडी कमानीसारखी उभी राहते. रेशमात गाठवलेली बोरमाळ अंगाला जशी लागून पडते तशी तारेतली पडत नाही. साडीवर घालायची असेल तर दोराच चांगला, मग तो वेळच्या वेळी बदलावा लागला तरी चालेल.

साडीवर बोरमाळ बसते ती ब्लाउजच्या गळ्याच्या खाली, छातीवर. इथे सगळा खेळ लांबीचा आणि पदराचा आहे. सहावारीचा पदर डाव्या खांद्यावरून जातो. माळ आधी घालून मग पदर लावला तर माळेची डावी बाजू पदराखाली जाते आणि उजवी तेवढी उघडी राहते. अर्धी माळ दिसते आणि पदराखालच्या मण्यांचे उंचवटे रेशमातून वर येतात. म्हणून पदराच्या निऱ्या घालून, खांद्यावर पिन लावून झाली की शेवटी माळ पदरावरून घालावी. लांबीचा नेम असा की माळेचा खालचा मणी ब्लाउजच्या गळ्याच्या काठावर येता कामा नये. काठावर आला की चालताना मणी त्या कडेवर चढतो आणि उतरतो, माळ सतत हलत राहते आणि एका बाजूला सरकते. काठाच्या दोन बोटे वर किंवा चांगली चार बोटे खाली, असे दोनच पर्याय सुखाचे. माप घ्यायला फुटपट्टी लागत नाही. तोच ब्लाउज घालून गळ्यात जाडसर दोरा अडकवायचा, हवा तिथे धरून कापायचा आणि तो दोरा गाठवणाऱ्याला द्यायचा.

कापडाशी बोरमाळेचे नाते सरळ आहे. तिचे मणी मोठे आणि साधे असतात, म्हणून सपाट किंवा बारीक बुट्टीच्या अंगावर ती खुलते. इरकलीच्या एकरंगी अंगावर सोन्याचा एकेक मणी वेगळा दिसतो. भरगच्च जरीची साडी असेल आणि पदराचे जरीकाम छातीपर्यंत पुढे आणलेले असेल, तर मणी जरीत हरवतात. सोने सोन्यावर दिसत नाही, एवढे साधे कारण आहे. अशा वेळी पदराच्या निऱ्या अरुंद घालाव्यात, म्हणजे छातीवर साडीचे अंग जास्त राहते आणि माळेला पाठीमागे एक रंग मिळतो.

ठुशीला यातली एकही अडचण नाही, कारण ती कापडापर्यंत पोहोचतच नाही.

ठुशी गळ्याच्या तळाशी, हाडांच्या वर, कंठाच्या खळीला लागून बसते. तिचे मणी बारीक असतात आणि एका ओळीत नसतात. ते एकमेकांच्या फटींत बसवून, खेटून गुंफलेले असतात, त्यामुळे मधला दोरा किंवा तार दिसत नाही आणि एकसंध सोन्याची पट्टी असल्याचा भास होतो. ही पट्टी मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती होत जाते. साध्या ठुशीत नुसतेच मणी असतात. पदकाच्या ठुशीत मधोमध खड्यांचे लहान पदक, बहुधा लाल किंवा हिरव्या खड्यांचे, आणि कधी खाली मोत्यांची झालर असते. टोकांना दोरी आणि गोंडा, आणि त्यावर सरकणारी गाठ. ही सरकती गाठ ठुशीची सगळ्यात शहाणी जागा आहे. सासूच्या गळ्याची ठुशी सुनेच्या गळ्याला बसते ती तिच्यामुळे. एकाच मापाच्या फाशाच्या दागिन्याला हे जमत नाही.

गळ्यालगतच्या इतर मराठी दागिन्यांशी तुलना केली तर ठुशीचा घाट जास्त स्पष्ट होतो. चिंचपेटी मोत्यांच्या चौकटी एकमेकांना जोडून केलेली असते. ती चौकटीचौकटीने वळते, त्यामुळे गळ्याच्या बारीक वळणाला तिची प्रत्येक चौकट थोडी सरळच राहते. ठुशी मात्र मण्यामण्याला वळते. बारीक मान असो की भरलेली, ती तिचाच आकार घेते. कोल्हापुरी साज लांब असतो आणि त्याची पाने छातीवर पसरतात. ठुशी त्याच्या वरची जागा घेते. म्हणूनच साज किंवा बोरमाळ यांच्या जोडीला ठुशी चालते, तिथे चिंचपेटी आणि ठुशी एकत्र घातल्या तर एकाच बोटभर जागेत दोघींची ओढाताण होते.

विकत घेताना ठुशीची वीण तपासावी लागते आणि ती तपासायला मनगट पुरते. ठुशी मनगटाभोवती गुंडाळावी. ती पूर्ण वळली, कुठेही कमान करून उचलली गेली नाही, तर वीण बरोबर आहे. फार घट्ट विणलेली ठुशी मनगटावर ताठ उभी राहते आणि गळ्यातही तशीच राहते. बोलताना आणि गिळताना तिची वरची कड टोचते. सैल विणलेली ठुशी वळते खरी, पण मधोमध दुमडते आणि मण्यांच्या फटींतून दोरा दिसतो. उजेडाकडे धरून पाहिली तर चांगल्या ठुशीतून प्रकाश येत नाही. आला तर तिथले मणी चेपलेले आहेत किंवा दोरा सैल पडला आहे.

घालतानाची चूक एकच आणि ती फार जणी करतात. फोटोत गळ्याला चिकटलेली दिसावी म्हणून गोंड्याची गाठ शेवटपर्यंत वर ओढतात. तासाभरात गळा घामेजतो, मणी कातडीला चिकटतात आणि बोलताना संपूर्ण पट्टी वर चढते. गाठ सरकवल्यावर ठुशी आणि गळा यांच्या मध्ये दोन बोटे सहज गेली पाहिजेत. उलट सैल सोडली तर ती हाडांवर उतरते, मधला भाग पालथा होतो आणि मण्यांची मागची, दोऱ्याची बाजू पुढे येते. पदकाच्या ठुशीत पदकाचे वजन मधला भाग खाली धरून ठेवते, म्हणून पहिल्यांदाच ठुशी घेणाऱ्या मुलीला पदकाची ठुशी सोपी जाते.

साडी कोणतीही असो, ठुशी जमते ती ब्लाउजच्या गळ्यामुळे. ठुशीच्या खालच्या कडेपासून ब्लाउजच्या काठापर्यंत निदान चार बोटे मोकळी कातडी हवी. ती उरली तर साधी सुती साडीही चालते आणि पैठणीही. बंद गळ्याच्या किंवा कॉलरच्या ब्लाउजवर ठुशी कापडावर बसते, घसरते आणि तिचा घाटच मोडतो. खणाच्या चोळीचा मध्यम खोल चौकोनी किंवा गोल गळा ठुशीला सगळ्यांत जास्त मानवतो. खणाच्या गडद, बारीक नक्षीच्या काठावर थांबलेले कापड, त्यावर मोकळा गळा आणि मग मण्यांची पट्टी, अशी ही रचना दक्षिण महाराष्ट्रात इरकलीबरोबर नेहमी दिसते.

नथीची गोष्ट वेगळ्या धातूने सुरू होते, किंबहुना धातूने नव्हेच, मोत्याने.

मराठी नथीत सोने थोडे आणि मोती फार. एक तार नाकातून जाते. तिच्या पुढच्या भागावर मोत्यांचा घोस बांधलेला असतो. मध्ये लाल किंवा गुलाबी खडा, कधी त्याच्या शेजारी हिरवा, आणि त्यांच्या भोवती मोती अशा रीतीने रचतात की एकूण आकार वाकलेल्या कोयरीसारखा होतो. प्रत्येक मोत्यातून सोन्याची केसासारखी तार ओवून तिचा पीळ मुख्य तारेभोवती देतात. हा पीळच नथीचा प्राण आहे. तो सुटला की मोती नुसता फिरतो, मग डुलतो आणि एक दिवस जेवणाच्या ताटात सापडतो. मोती बोटाने हलकेच फिरवून पाहावा. जागच्या जागी किंचित फिरला तर ठीक, पण पुढेमागे सरकला तर पीळ ढिला झाला आहे.

जुन्या नथींतले मोती बसऱ्याचे म्हणून ओळखले जात. इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती बसरा बंदराच्या नावाने ओळखले जात आणि मुंबईच्या बाजारात येत. जपानमध्ये 1893 साली कोकिची मिकिमोतो यांनी शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला. पुढे गोल संवर्धित मोती बाजारात आले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आखातातला मोत्यांचा धंदा ओसरला. आज दुकानात मिळणाऱ्या नथींत बहुधा संवर्धित मोती असतात आणि स्वस्त नथींत नुसते काचेचे किंवा प्लास्टिकचे मणी. खरा मोती, मग तो नैसर्गिक असो वा संवर्धित, दाताच्या कडेवर अगदी हलके घासला तर किंचित खरखरीत लागतो. काच आणि प्लास्टिक गुळगुळीत लागते. मोती हा बहुतांशी चुना असल्याने आम्ल त्याला सोसत नाही. लिंबाचा रस, घाम आणि अत्तर यांनी त्याची चकाकी जाते. म्हणून सोने उजळायचे रिठ्याचे पाणी नथीला लावू नये आणि अत्तर लावून झाल्यावरच नथ घालावी.

नथ आपल्याला इतकी जुनी वाटते की ती कायम होतीच असे आपण धरून चालतो. पण अजिंठ्याच्या चित्रांतल्या स्त्रियांच्या गळ्यांत, हातांत, कमरेवर दागिन्यांची रेलचेल आहे आणि नाक मात्र मोकळे आहे. प. कृ. गोडे यांनी 1938 साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या नियतकालिकात नथीच्या प्राचीनतेवर लेख लिहिला आणि जुन्या संस्कृत साहित्यात नाकातल्या दागिन्याचे उल्लेख सापडत नाहीत याकडे लक्ष वेधले. पुढच्या काळात मात्र तिने मराठी चेहऱ्यावर असा ताबा मिळवला की ऑटो रॉथफेल्ड यांच्या 1920 च्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकासाठी चित्रे काढणाऱ्या एम. व्ही. धुरंधरांना मराठी बाई रंगवायची म्हणजे काष्टा आणि नथ हे धरूनच चालायचे होते. आपल्या काळात नथीला नवे नाव मिळाले ते दूरचित्रवाणीमुळे. ‘जय मल्हार’ मालिकेतल्या बानूच्या भूमिकेनंतर बाजारात ‘बानू नथ’ आली आणि अजूनही त्या नावाने मागितली जाते.

नथ डाव्या नाकपुडीत घालतात आणि तिचा वाक गालाकडून ओठाकडे येतो. तिच्या आकाराचे माप ओठ ठरवतो. सर्वांत खालचा मोती वरच्या ओठाला लागला तर बोलताना अडतो, पाणी पिताना भिजतो आणि कुंकवाचा किंवा लिपस्टिकचा रंग त्याला लागतो. नथ घालून हसून पाहावे. हसताना गाल वर येतात आणि नथ पुढे ढकलली जाते. हसल्यावरही मोती ओठापासून वेगळा राहिला तर माप बरोबर. नथ जड असेल तर टोचलेले भोक खाली ओढले जाऊन लांबट होते. पूर्वी मोठ्या नथी मोत्यांच्या सराने किंवा दोऱ्याने वर केसांत अडकवत ते शोभेसाठी आणि त्याहून जास्त या वजनासाठीच.

साडीशी नथीचे नाते रंगाचे आहे. तिच्यातला लाल किंवा हिरवा खडा डोळा आपोआप काठाशी जुळवतो. हिरव्या पैठणीचा काठ लाल असेल तर लाल खड्याची नथ चेहरा आणि साडी एका धाग्यात आणते. मोतिया किंवा पांढरट अंगाच्या साडीवर सगळे मोतीच असलेली नथ फिकी पडते, तिथे खडा हवाच. आणि नथीचा घोस मोठा असेल तर कानांत मोठे झुमके टाळावेत, कारण दोन्ही चेहऱ्याच्या त्याच उंचीवर येतात.

हे सगळे एका प्रसंगावर लावून पाहू. संक्रांतीचे हळदीकुंकू आहे. घरातल्या सुनेकडे मोरपिशी पैठणी आहे, काठ आणि पदर जरीचे. सासूबाईंनी पेटीतून आजेसासूची दुपदरी बोरमाळ काढून दिली आहे. सुनेचे नाक टोचलेले नाही. ठुशी तिची स्वतःची, लग्नात केलेली.

आधी बोरमाळ लोंबती धरून पाहिली. वर दोन पेरांएवढा दोरा उघडा दिसला, म्हणजे ती चार दिवस आधी गाठवायला गेली. गाठवताना सुनेने एक निर्णय घेतला. माळ दुपदरी होती आणि दोन्ही पदर जवळपास सारख्याच लांबीचे असल्यामुळे एकावर एक चढत. तिने आतला पदर दोन बोटे आखूड करून घेतला. आता दोन पदर एकाखाली एक, वेगवेगळे दिसतात. मणी एकही काढला नाही, जास्तीचे मणी बाहेरच्या पदरात घेतले. सासूबाईंना हे आधी विचारले, कारण माळ त्यांच्या सासूची. “दोरा बदल, लांबी बदल, मणी मात्र मोजून ठेव,” असे त्या म्हणाल्या. गाठवायला देताना आणि आणताना मणी मोजणे ही खरोखरच सोडू नये अशी सवय आहे.

पैठणीच्या पदरावर जर भरगच्च असल्याने निऱ्या अरुंद, चार बोटांच्या घातल्या. छातीवर मोरपिशी अंग उरले. बोरमाळ सगळ्यात शेवटी, पदरावरून. ब्लाउजचा गळा खोल होता, त्यामुळे बाहेरचा पदर काठाच्या चार बोटे खाली आला. वर ठुशी, गोंड्याची गाठ दोन बोटे ढिली. ठुशी आणि बोरमाळ यांच्या मध्ये गळ्याची आणि ब्लाउजची मोकळी जागा राहिली. या दोन्ही दागिन्यांमध्ये तिसरा घालण्याचा मोह होतो, मंगळसूत्र तर असतेच. मंगळसूत्र आखूड वाटीचे असेल तर ते ठुशीला खेटते. ते लांब असेल तर बोरमाळेच्या आत बसते आणि चालून जाते. तिने लांब मंगळसूत्र घातले.

उरली नथ. नाक टोचलेले नसल्याने दाबाची नथ आणली. दाबाची नथ नाकपुडीच्या कडेला चिमट्यासारखी धरते. तिच्यात गोष्ट बिघडते ती पकडीमुळे. पकड सैल असेल तर वाकल्यावर नथ फिरते आणि मोत्यांचा घोस गालाकडे न राहता सरळ खाली लोंबतो. घट्ट असेल तर नाकपुडी लाल होते आणि डोळ्यांत पाणी येते. चिमटा हलकेच उघडून मिटून पकड जुळवायची असते, पण तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती त्याच जागी मोडते. म्हणून दुकानातच घालून, मान खाली घालून, दोन मिनिटे तशी ठेवून घ्यावी. तिने तीन नथी घालून पाहिल्या आणि सर्वांत लहान घेतली, कारण वाण देताना सारखे वाकावे लागणार होते.

खरेदीचा एक शेवटचा मुद्दा. 1 एप्रिल 2023 पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असावा लागतो आणि तो बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो. 22 कॅरेट सोन्यावर 916 ही खूण असते. मणी बारीक असल्याने ठुशीवर ही खूण सहसा टोकाच्या पट्टीवर किंवा कडीवर असते. ती भिंगातून पाहून मगच खरेदी करावी. 2 ग्रॅमहून कमी सोन्याच्या वस्तूंना हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे लहान नथींवर बऱ्याचदा ही खूण नसते. तिथे पावतीवर कॅरेट, सोन्याचे वजन आणि मोती खरे की कृत्रिम हे लिहून घ्यावे. ‘एक ग्रॅम’ नावाने मिळणाऱ्या ठुशी आणि बोरमाळा म्हणजे सोन्याचा पातळ मुलामा दिलेला दुसरा धातू. त्यांना पर्याय म्हणून स्वतःची जागा आहे, पण घाम आणि अत्तर यांनी मुलामा लवकर जातो आणि ठुशीचा तर सगळाच भाग कातडीला लागून असतो.

हळदीकुंकू उरकल्यावर सुनेने तिन्ही दागिने वेगवेगळे ठेवले. बोरमाळ खिळ्याला न टांगता आडवी, कारण टांगली की मण्यांच्या वजनाने नवा दोराही ताणतो. ठुशी गोंड्याची गाठ पूर्ण मोकळी करून, घाम वाळू देऊन. नथ मऊ सुती कापडात, सोन्याच्या दागिन्यांपासून दूर, म्हणजे मण्यांच्या कडांनी मोत्यांवर चरे पडत नाहीत.